सगळेच महागले तर मागणी का घटते?

४ मे २०२२ च्या दुपारी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक कॅमेऱ्यासमोर आले. पतधोरण समितीची बैठक ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर झाली होती. मार्चची किरकोळ महागाई ६.९५ टक्क्यांवर गेली होती आणि युक्रेन युद्धामुळे खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल, गहू, खते असे सगळेच भडकले होते. समितीने रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. पुढच्या नऊ महिन्यांत तो चढत चढत ६.५० टक्क्यांवर पोहोचला.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात समग्र मागणीचा वक्र असतो. उभ्या अक्षावर देशातील सर्वसाधारण किंमतपातळी, आडव्या अक्षावर देशभरात मागितल्या जाणाऱ्या वस्तू-सेवांचे प्रमाण. वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरत जातो, म्हणजे किंमतपातळी चढली की मागितले जाणारे प्रमाण घटते. यात सांगण्यासारखे काय आहे, महाग झाले की लोक कमी घेणारच, असे कुणालाही वाटेल. पण हे उत्तर चुकीचे आहे.

टोमॅटो घेऊ. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून जास्त भाव मिळाला. शहरांतल्या गृहिणींनी आमटीत टोमॅटोऐवजी चिंच-आमसूल वापरले. टोमॅटोची मागणी घटली, कारण टोमॅटो इतर वस्तूंच्या तुलनेत महागला होता. आता कल्पना करा की टोमॅटो, चिंच, आमसूल, रिक्षाचे भाडे, घरकामाचा पगार, डॉक्टरची फी आणि कारखान्यातली मजुरी असे सगळेच एकदम दहा टक्क्यांनी वाढले. आता टोमॅटो सोडून वळायचे कुठे? शिवाय एकाने दिलेली किंमत ही दुसऱ्याची मिळकत असते. सगळ्या किमती दहा टक्के वाढल्या, तर देशातल्या सगळ्यांच्या मिळून मिळकतीही रुपयांत दहा टक्के वाढल्या. प्रत्येकाची वाढली असेल असे नाही, पण बेरीज तर तीच. मग एकूण खरेदी का घटावी?

उत्तर असे की काही गोष्टी भावाबरोबर वाढत नाहीत. तिजोरीतल्या नोटांवरचा आकडा वाढत नाही. बँकिंग व्यवस्थेतला पैसा आपोआप वाढत नाही. परदेशातल्या वस्तूंचे भावही आपल्या महागाईकडे पाहून हलत नाहीत. यातल्या पहिल्या अडचणीतून संपत्ती परिणाम निघतो, दुसरीतून व्याजदर परिणाम आणि तिसरीतून विनिमय दर परिणाम. पहिला मुख्यतः घरखर्चावर बसतो, दुसरा घरबांधणी आणि कारखान्यांच्या गुंतवणुकीवर, तिसरा निर्यात-आयातीवर. सरकारी खर्च हा चौथा भाग अर्थसंकल्पात रुपयांत ठरतो, पण पुस्तकी वक्र काढताना तो स्थिर धरतात.

संपत्ती परिणाम समजायला सर्वांत सोपा आहे. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ ए. सी. पिगू यांनी तो १९४३ मध्ये ठामपणे मांडला, म्हणून त्याला पिगू परिणामही म्हणतात. घरात एक लाख रुपये रोख आहेत. भाव दहा टक्क्यांनी उतरले, तर त्याच लाखात पूर्वी १ लाख ११ हजारांना मिळणारा माल येतो. घरातले लोक तेवढे श्रीमंत झाले, त्यामुळे थोडा खर्च वाढवतील. भाव चढले तर उलटे होईल.

हा परिणाम किती मोठा असतो, ते भारताच्या आकड्यांवर करून पाहता येते. मार्च २०२४ च्या सुमारास देशात फिरणाऱ्या नोटा-नाणी साधारण ३५ लाख कोटी रुपयांची होती आणि त्या वर्षीचे देशांतर्गत उत्पादन साधारण ३०० लाख कोटींचे. समजा, किंमतपातळी तब्बल दहा टक्क्यांनी घसरली. ३५ लाख कोटींच्या नोटांची खरेदीशक्ती जवळपास ३९ लाख कोटींएवढी होईल, म्हणजे लोकांच्या हाती सुमारे ३.९ लाख कोटींची जादा ताकद आली. आता माणसे संपत्ती वाढली म्हणून ती सगळी एका वर्षात उडवत नाहीत. रुपयामागे पाच पैसे जादा खर्च होतात असे उदाहरणापुरते धरले, तर वर्षाचा जादा खर्च सुमारे साडेएकोणीस हजार कोटी येतो. आकडा मोठा वाटतो, पण उत्पादनाच्या दर शंभर रुपयांमागे तो साडेसहा पैसे आहे. दहा टक्के भावघसरणीसारखी प्रचंड घटना घडून मागणीत एवढीच भर.

मग नोटाच का मोजायच्या, बँकेतल्या ठेवी का नाहीत, असा प्रश्न इथे येतो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर १९४४ मध्ये पोलिश अर्थतज्ज्ञ मिखाऊ कालेत्स्की यांनी पिगूंना दिले. एका कुटुंबाची मुदतठेव ही बँकेमार्फत दुसऱ्या कुणाचे तरी कर्ज असते. भाव उतरले की ठेवीदाराची ठेव वजनदार होते, पण कर्जदाराचे ओझेही तेवढेच वजनदार होते. दोन्ही बाजूंची वजावट झाली की उरते फक्त असा पैसा, ज्याच्यासमोर कोणा खासगी माणसाचे देणे नाही. तो म्हणजे मुख्यतः नोटा आणि बँकांची रिझर्व्ह बँकेकडची शिल्लक. सरकारी रोख्यांचा हिशेब धरायचा की नाही, यावर वाद आहे, कारण ते रोखे फेडायला उद्याचा कर द्यावा लागतो.

वजावट बरोबर झाली तरी दोन बाजू सारख्या वागत नाहीत. ठेवीदार साधारणतः हात राखून खर्च करणारा असतो. कर्जदार हप्ता भरता यावा म्हणून आधी खर्चाला कात्री लावतो आणि तरी जमले नाही तर बुडतो. अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९३३ मध्ये हेच मांडले होते की कर्ज डॉलरमध्ये ठरलेले आणि भाव कोसळत असले, तर फेडता फेडता कर्ज खऱ्या अर्थाने वाढतच जाते. मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. १९२९ नंतर शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, पण सावकाराच्या वहीतला रुपयांचा आकडा तोच राहिला आणि शेतसारा रुपयांतच भरायचा होता. त्याच दशकात भारतातून मोठ्या प्रमाणावर सोने बाहेर गेले, त्यात अडचणीत विकलेले दागिनेही होते. अखेर १९३९ मध्ये मुंबई सरकारला शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. भाव उतरल्याने माणसे श्रीमंत होतात आणि खर्च वाढवतात, हे सूत्र त्या शेतकऱ्यापुढे टिकले नसते.

संपत्ती परिणामाची दिशा बरोबर आहे, पण जोर बेताचा, आणि भाव वेगाने पडत असताना कर्जाचा भार त्याला उलटवूही शकतो. वक्राला खरा उतार देण्याचे काम मुख्यतः दुसऱ्या परिणामाकडे येते.

व्याजदर परिणामाचा जुना, केन्सप्रणीत मार्ग असा. इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमागधारकाला महिन्याला ठरावीक किलो सूत लागते. सूत दहा टक्के महागले, वीज महागली, मजुरी वाढली, की तेच कापड विणायला बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यावी लागते. घरोघरी एटीएममधून जास्त रक्कम काढावी लागते, काहींना मुदतठेव मोडावी लागते. सगळ्यांना व्यवहारासाठी जास्त पैसा हवा असतो, पण व्यवस्थेतला पैसा तेवढाच आहे. मागणाऱ्यांची रांग वाढली आणि माल तोच, तर पैशाचे भाडे म्हणजे व्याज चढणारच. व्याज चढले की नवा माग, नवे गोदाम, नवे घर यांचा हिशेब बिघडतो आणि ती खरेदी लांबणीवर पडते. भाव उतरले तर हीच साखळी उलट फिरते.

आज मध्यवर्ती बँका पैशाचा साठा ठरवून गप्प बसत नाहीत, त्या थेट व्याजदर ठरवतात. भारतात २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांवर, दोन टक्के खाली-वर सोडून, राखण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यामुळे साखळीतली मधली कडी बदलली. रांग लागून व्याज आपसूक चढण्याची वाट पाहिली जात नाही. महागाई चढलेली दिसली की पतधोरण समिती स्वतः दर चढवते. म्हणून आजच्या अनेक पुस्तकांत उभ्या अक्षावर किंमतपातळीऐवजी महागाईचा दर असतो. वक्राचा उतार मात्र तोच राहतो. अट एकच की रेपो दर महागाईपेक्षा जास्त चढला पाहिजे. महागाई दोन टक्क्यांनी वाढली आणि व्याज एकच टक्का वाढवले, तर खरे व्याज उलट उतरते आणि कर्ज काढणे स्वस्तच होते.

२०२२-२३ मध्ये हा परिणाम घराघरांत पोहोचला, कारण ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी बांधलेली आहेत. एक हिशेब पाहू. ३० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत, व्याज साडेसहा टक्के. महिन्याचा हप्ता २२,३६७ रुपये. वर्षभर हप्ते भरून मुद्दल सुमारे २९ लाख २४ हजारांवर आले आणि मग रेपोतील अडीच टक्क्यांची वाढ पूर्ण लागून व्याज नऊ टक्के झाले, असे धरू. नव्या दराने एका महिन्याचे व्याजच सुमारे २१,९३३ रुपये होते. जुन्या हप्त्यातून मुद्दलाकडे जेमतेम ४३४ रुपये जातात. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटले, तर कर्ज फिटायला आणखी ४४ वर्षे लागतील. मुदत तीच ठेवायची, तर हप्ता सुमारे २६,८०० रुपये होतो, म्हणजे किराणा, कपडे, सहली यांच्या खर्चातून महिन्याला जवळपास साडेचार हजार वजा. बँका अनेक ठिकाणी ग्राहकाला नीट न सांगताच मुदत ताणत होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूचना काढली की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर व्याजाकडे जायचे, हा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे.

हा झाला जुन्या कर्जदाराचा भाग. गुंतवणुकीवरचा परिणाम नव्या ग्राहकाकडे पाहिल्यावर दिसतो. ज्याला महिन्याला २२,३६७ रुपयेच परवडतात, त्याला साडेसहा टक्क्यांना ३० लाखांचे कर्ज मिळत होते. नऊ टक्क्यांना तेवढ्याच हप्त्यात २४ लाख ८६ हजार मिळतात. पाच लाखांचा खड्डा पडला. तो भरून निघाला नाही तर माणूस लहान घर घेतो, दूरच्या उपनगरात जातो किंवा बेत पुढे ढकलतो. सिमेंट, सळई, टाइल्स, गवंडी, सुतार यांची मागणी तेवढी कमी. राष्ट्रीय हिशेबात नव्या घराची खरेदी गुंतवणुकीत मोडते, म्हणून व्याजदर परिणामाचा फटका सर्वांत आधी बांधकामाला बसतो.

या परिणामाला मर्यादाही आहेत. दर वर गेल्यावर तो खर्चापर्यंत पोहोचायला बरेच महिने जातात. स्थिर व्याजाच्या जुन्या कर्जांना तो लागतच नाही. आणि सावकाराकडून किंवा बचत गटाकडून पैसे घेणाऱ्यापर्यंत रेपो दर थेट पोहोचत नाही. भाव उतरत असताना आणखी एक अडथळा येतो. व्याजदर शून्याच्या जवळ गेला की तो आणखी खाली नेणे जवळपास अशक्य होते. जपानने १९९० च्या दशकाच्या शेवटापासून हे अनुभवले. तिथे भाव हळूहळू उतरत होते, दर शून्याजवळ चिकटले होते आणि स्वस्ताईमुळे मागणी वाढण्याची यंत्रणाच अडकून पडली होती.

तिसरा, विनिमय दराचा परिणाम व्याजदराच्याच पाठीवर बसून येतो. रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांनी १९६० च्या दशकात उभ्या केलेल्या प्रतिमानातून तो पुस्तकांत आला. देशात भाव चढले, व्याज चढले, तर जास्त परताव्याच्या शोधातला परदेशी पैसा आत येतो. त्या पैशाला देशाचे चलन विकत घ्यावे लागते, म्हणून चलन वधारते. चलन वधारले की परदेशी ग्राहकाला इथला माल महाग पडतो, इथल्या ग्राहकाला परदेशी माल स्वस्त. निर्यात घटते, आयात वाढते, देशी मालाची एकूण मागणी कमी होते.

२०२२ मध्ये अमेरिकेत ही साखळी पुस्तकात लिहिल्यासारखी चालली. जूनमध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. फेडरल रिझर्व्हने मार्चमधला जवळपास शून्याचा दर डिसेंबरपर्यंत ४.२५ ते ४.५० टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. जगभरातला पैसा डॉलरकडे धावला. जुलैमध्ये युरो दोन दशकांत पहिल्यांदा एका डॉलरच्या बरोबरीला आला, ऑक्टोबरमध्ये एका डॉलरला दीडशेहून जास्त येन मोजावे लागले.

भारतात तसे झाले नाही. रिझर्व्ह बँकेनेही दर चढवले, तरी वर्षाच्या सुरुवातीला पंचाहत्तरीच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरमध्ये ८३ रुपयांवर गेला. कारण महत्त्व असते ते दोन देशांतल्या व्याजाच्या फरकाला. फेडने भारतापेक्षा वेगाने दर चढवले, म्हणून तो फरक आकसला आणि पैसा उलट दिशेने वाहिला. तेलाच्या वाढलेल्या बिलासाठी डॉलरची मागणीही वाढली होती. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले. मार्चअखेर सुमारे ६०७ अब्ज डॉलर असलेली गंगाजळी ऑक्टोबरमध्ये सुमारे ५२५ अब्जांवर आली. त्यातली काही घट युरोसारख्या इतर चलनांतील साठ्याचे डॉलरमधले मोल उतरल्यामुळेही होती. पुस्तकातला वक्र 'बाकी सर्व स्थिर' असे धरून काढलेला असतो. भारताच्या बाबतीत त्या वर्षी बाकीचे स्थिर नव्हते.

चलन हलले नाही तरी या परिणामाचा एक भाग उरतोच, तो म्हणजे आपला माल परक्यांच्या मालापेक्षा महाग होणे. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, लाख रुपयांच्या घरात गेली. देशी कापूस आंतरराष्ट्रीय भावाच्या वर गेल्यावर सूतगिरण्यांचे सूत परदेशात परवडेनासे झाले. २०२२-२३ मध्ये सूत निर्यात आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आली. रुपया या काळात घसरत होता, तरी ती घसरण कापसाच्या भाववाढीपुढे कमी पडली. हे अर्थात एका वस्तूचे उदाहरण आहे, पण किंमतपातळीच चढली आणि चलन तेवढे उतरले नाही, तर निर्यातीच्या सगळ्या मालाचे थोड्याफार प्रमाणात हेच होते.

तिन्ही परिणामांचा जोर देशागणिक बदलतो. निर्यात-आयातीवर जगणाऱ्या सिंगापूरसारख्या लहान देशात विनिमय दर सर्वांत भारी ठरतो, तिथली मध्यवर्ती बँक धोरणही व्याजदराऐवजी विनिमय दरातूनच चालवते. भारत किंवा अमेरिकेसारख्या मोठ्या देशात व्याजदराचे वजन जास्त. संपत्ती परिणाम जवळपास सगळीकडे तिसऱ्या क्रमांकावर.

एक गल्लत मात्र नेहमी होते. वक्रावरून खाली-वर सरकणे वेगळे आणि वक्रच उचलून दुसरीकडे जाणे वेगळे. ओळखण्याची खूण अशी की पुरवठ्याच्या धक्क्याने भाव चढले आणि उत्पादन घटले, म्हणजे दोघांनी उलट दिशा धरली, तर अर्थव्यवस्था त्याच वक्रावरून सरकली आहे. भाव आणि उत्पादन दोन्ही एकाच दिशेने गेले, तर वक्रच हलला आहे. १९२९ ते १९३३ मध्ये अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंचे भाव सुमारे २५ टक्क्यांनी घसरले आणि खरे उत्पादनही चतुर्थांशाहून अधिक कोसळले. स्वस्ताई असून मागणी का वाढली नाही, याचे उत्तर असे की हजारो बँका बुडाल्या आणि पैशाचा साठा सुमारे एक तृतीयांशाने आटला. ज्या स्थिर पैशाच्या जोरावर तिन्ही परिणाम उभे असतात, तो पैसाच नाहीसा झाला. ठेवी गेल्याने संपत्ती परिणाम खुंटला. पडत्या भावांमुळे खरे व्याज चढतच राहिले. आणि सुवर्णमानाने बांधलेल्या बहुतेक देशांत भाव एकाच वेळी उतरत असल्याने निर्यातीचा फायदा कोणालाच मिळेना. एप्रिल १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. १९३४ च्या जानेवारीत सोन्याचा अधिकृत भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर झाला. पैसा पुन्हा वाढू लागला, डॉलर उतरल्याने अमेरिकी माल बाहेर स्वस्त झाला आणि भाव व उत्पादन दोन्ही एकत्र वर चढू लागले, म्हणजे वक्र आता उजवीकडे निघाला होता.